न पाहिलेल्या रांगोळीचं कौतुक

प्रमोदिनी करंदीकरचं दुखणं तसं साधं होतं. ती रांगोळी फार सुरेख काढायची आणि ती बघायला कुणी नव्हतं. पुण्यात कोपऱ्यावरच्या बायका सायकली थांबवून बघत. इथे बंगलोरला, इंदिरानगरच्या तिसऱ्या मजल्यावर, दारासमोर हातभर फरशी. सकाळी सातला तिने ठिपके मांडावेत आणि नवाच्या आत जिना पुसणाऱ्या बाईने फिनेलचं फडकं फिरवून सगळं स्वच्छ करावं. समोरच्या दारात एक सरदारजी राहत. ते बिचारे रांगोळी तुडवू नये म्हणून भिंतीला चिकटून जात, पण खाली कधी बघत नसत.

नवरा, त्रिविक्रम, कंपनीत संगणकांमधला येत्या दोन हजार सालचा घोळ निस्तरत होता. म्हणजे सकाळी जायचा आणि संध्याकाळी चेहरा उतरवून यायचा. एका रविवारी त्याच्या हाताखालचा निहार जेवायला आला. मुंबईचा, पेइंग गेस्ट म्हणून राहणारा, घरच्या आमटीसाठी काहीही करायला तयार असलेला पोरगा. आमटीची तिसरी वाटी संपवून तो म्हणाला, "वहिनी, तुमचं होमपेज काढू या. फुकट मिळतं."

काढलं. वहीतल्या रांगोळ्या जयनगरच्या एका दुकानात स्कॅन करून आणल्या, निहारने त्या पानावर चढवल्या, खाली एक काउंटर लावला आणि एक गेस्टबुक. आलेल्या माणसाने काउंटर वाढवावा, गेस्टबुकात दोन शब्द लिहावेत, अशी व्यवस्था. मराठी अक्षरं प्रत्येकाच्या यंत्रावर दिसतीलच असं नव्हतं, म्हणून सगळा मजकूर इंग्रजी लिपीतल्या मराठीत. वाचताना जिभेला पीळ बसायचा, पण इलाज नव्हता.

श्रावण संपत आला. काउंटर हलायचा तो प्रमोदिनीने स्वतः पान उघडलं की. गेस्टबुकात एकच शेरा, निहारचा: 'झकास, वहिनी!'

आणि फोन? इंटरनेट लावलं की फोन बंद. पुण्याहून सासूबाईंना लाइन लागेना. "तुमच्या घरी बोलतं तरी कोण एवढं?" त्या विचारत. आता रांगोळी बोलते म्हणून सांगायचं कसं?

त्रिविक्रम भांडणारा माणूस नव्हता. तो फक्त उसासा सोडायचा, आणि त्याचा उसासा दोन खोल्यांपलीकडे ऐकू जायचा. शेवटी प्रमोदिनीच म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघते. आपल्या तिघांखेरीज एकही माणूस खरोखर बघायला आला नाही, तर बंद करते. वहीसुद्धा माळ्यावर टाकते."

"वही कशाला?" तो म्हणाला.

"मग ठेवू कशाला?"

निहारला हे कळल्यावर तो कळवळला. आमटीचाही प्रश्न होता. "वहिनी, नुसतं दार उघडून बसलं तर कोण येणार? तुम्ही दुसऱ्यांकडे जा. रांगोळीची, सणवारांची पानं शोधा. खूप मोठी नकोत, ते उत्तर देत नाहीत. आपल्याएवढी, नाहीतर थोडी मोठी. त्यांच्या गेस्टबुकात लिहा. नावाखाली आपला पत्ता आपोआप येतो. त्या बाई बघतील कोण आलं होतं, त्यांच्याकडे येणाऱ्या बायकाही बघतील."

"हळदीकुंकवासारखं," प्रमोदिनी म्हणाली.

"तेच. फक्त खरं काहीतरी लिहा. काय आवडलं ते."

पहिल्या चार-पाच ठिकाणी तिने खरंच नीट लिहिलं. पण एकेक चित्र उतरायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात कुकरच्या शिट्ट्या व्हाव्यात. त्रिविक्रमने उपाय दाखवला: चित्रं न दाखवण्याची एक खूण असते, ती केली की पान झटकन उघडतं. चित्राच्या जागी रिकामी चौकट आणि मजकूर तेवढा दिसतो. फोन लवकर सुटतो, आईही खूश.

मग प्रमोदिनीचा हात बसला. पान उघडायचं, खाली गेस्टबुकापर्यंत जायचं, एकच ठरलेलं वाक्य चिकटवायचं: 'फारच सुंदर रांगोळ्या! रंगसंगती अप्रतिम. माझ्याकडेही अवश्य या.' पुढचं पान. दुपारी पाठ मोडेस्तोवर ती परक्या बायकांच्या दारात कुंकू लावून पळत होती. एकाही घरात आत गेली नाही.

काउंटर हलला, खोटं कशाला बोला! गेस्टबुकही भरू लागलं. 'छान पान, माझ्याकडे या.' 'मस्त पान! माझी कार्टूनं बघा.' एका गृहस्थाने तर 'तुमच्या कविता भिडल्या' असं लिहिलं. तिच्या पानावर कविता औषधालाही नव्हती. प्रमोदिनी हसली, आणि मग बराच वेळ हसली नाही.

नवरात्राच्या सुमाराला एक ईमेल आली. जयनगरच्या अहल्याबाई रावांची. मूळच्या मराठा, पण घराणं कित्येक पिढ्या इथलंच. बँकेत नोकरी, फाटकासमोर रोज रांगोळी, आणि त्या रांगोळ्यांचं दोन वर्षं चाललेलं पान. मजकूर असा:

'अक्का, नमस्कार. माझ्या पानावर तुम्ही रंगसंगती अप्रतिम म्हणालात. स्वल्प, म्हणजे जरा सांगा, कुठली? स्कॅनिंगवाल्याचं यंत्र बिघडलंय, म्हणून ह्या महिन्यात मी एकही रांगोळी ठेवली नाही. पानभर तेवढंच लिहिलंय. आणि माझ्या जुन्या रांगोळ्यांत रंग कधीच नव्हता. आम्ही नुसती पांढरी काढतो.'

प्रमोदिनीचे कान तापले. ज्या बाईला स्वतःच्या रांगोळीकडे कुणी बघत नाही म्हणून झोप नव्हती, तिनेच न बघता कौतुक वाटलं होतं, लग्नाच्या मांडवात अत्तर लावावं तसं. ईमेल पुसून टाकावी असं वाटलं. तिने त्रिविक्रमला दाखवली. तो इतका हसला की दोन हजार सालच्या घोळाचा सगळा शीण उतरला असावा.

"हसा," ती म्हणाली. "उद्यापासून कोबीची भाजी आहे."

दुसऱ्या दिवशी मात्र तिने चित्रं दिसू दिली आणि अहल्याबाईंच्या जुन्या पानांपुढे बसून राहिली. एकेक रांगोळी वरून पट्टीपट्टीने उतरत होती. फोन अडला, कुकर बंद केला. बघता बघता तिचा जीव गुंतला. त्या रेषा पुण्यातल्यासारख्या ठिपके जोडत नव्हत्या, ठिपक्यांना वळसे घालत जात होत्या. तिने उत्तर लिहिलं:

'अहल्याताई, चूक झाली. मी चित्रं बंद ठेवून हिंडत होते. आज खरंच बघितलं. गौरीच्या वेळच्या रांगोळीत डावीकडून चौथ्या ठिपक्याभोवतीचा वळसा मिटलेला नाही. मुद्दाम सोडलाय का?'

उत्तर तासाभरात. 'सरी, बरोबर! दोन वर्षांत हे कुणी विचारलं नाही. मुद्दाम नाही, हात चुकला. तुमची पण बघितली. कमळ छान आहे, पण देठ कुठंय?'

मग कमळाच्या देठावरून चार ईमेली झाल्या. प्रमोदिनीने जुनी चिकटवाचिकटवी थांबवली. दिवसाला एक-दोन पानं, तीही बघून. एकीला विचारलं, उंबऱ्याचा पट्टा कोपऱ्यात कसा वळवता. दुसरीला लिहिलं, मोराची मान अवघडलीय. कुणी उत्तर द्यायचं, कुणी नाही. काउंटर पूर्वीपेक्षा हळू हलू लागला. निहार काळजीत पडला, पण गेस्टबुकात आता कार्टूनवाले येईनासे झाले, हेही त्याने पाहिलं.

"वहिनी, ह्या अहल्याबाईंशी मिळून काहीतरी करा," तो म्हणाला. "त्यांच्याकडे येणाऱ्या तुमच्याकडे येतील, तुमच्या त्यांच्याकडे."

"त्यांचं पान मोठं. माझ्याकडून त्यांना काय मिळणार?"

"मराठी बायका. त्यांच्याकडे सगळ्या कन्नड येतात."

प्रमोदिनीने दोन दिवस घेतले. मग विचारलं, घाबरतच. कल्पना तिचीच: दिवाळीची एकच रांगोळी, अकरा ठिपके, अकरा ओळी. डावी बाजू प्रमोदिनीच्या पानावर, उजवी अहल्याबाईंच्या. प्रत्येकीने आपल्या अर्ध्याखाली लिहायचं, 'उरलेली अर्धी तिकडे आहे' आणि दुवा द्यायचा. पूर्ण हवी असेल तर दोन्ही दारं ओलांडायला हवीत.

"चुक्की मी मोजते, म्हणजे ठिपके," अहल्याबाई फोनवर म्हणाल्या. बँकेतल्या आवाजात. "तुम्ही रेषा बघा."

दोघींनी आपापल्या घरी काढली, जयनगरच्या दुकानात आता सुधारलेल्या यंत्रावर स्कॅन केली. धनत्रयोदशीच्या आधी दोन्ही अर्धी चढली. प्रमोदिनी फराळाच्या धबडग्यात होती. चकल्यांच्या दोन घाण्यांमध्ये येऊन बघायची. काउंटर हलत होता. गेस्टबुक कोरंच.

"बघून जातात," ती त्रिविक्रमला म्हणाली. आवाज पार खाली. "बघितलं की नाही, कसं कळणार?"

नरकचतुर्दशीच्या दुपारी गेस्टबुक उघडलं तर तीन मजकूर. पहिला म्हैसूरच्या सुनंदाबाईंचा: 'आज सकाळी फाटकापुढे काढली. दोन्ही बाजू जोडल्यावर एक ओळ जास्त होते. ठिपके बारा पडले आडवे! मधले दिवे दोन-दोन दिसतात. पुसून परत काढली, सासूबाई रागावल्या.' दुसरा हुबळीहून: 'माझ्याही बारा.' तिसरा ठाण्याच्या एका बाईचा: 'मी मधली एक ओळ गाळली, तर जमली. पण कुणाची गाळायची?'

प्रमोदिनी पिठाच्या हातांनीच वहीकडे धावली. अकरातली सहावी उभी ओळ मधली. तिने ती आपल्या अर्ध्यात धरली होती. अहल्याबाईंनीही धरली होती. सहा आणि सहा. चुक्की मोजणारी बँकेतली आणि रेषा बघणारी पुण्याची, आणि मधलं कुणाचं हे दोघींनीही विचारलं नव्हतं.

फोन लागला.

"अहल्याताई, मधली ओळ तुमच्याकडे पण आहे."

"असणारच. मधली माझी."

"ती कशी? कल्पना माझी."

"मोजणी कुणाची?"

"मग मोजलंत काय?"

पलीकडे अहल्याबाई हसल्या. दमलेलं हसू. त्यांच्या पानावरही सकाळपासून पाच बायका भांडत होत्या. "तुम्ही तुमची गाळा. माझ्याकडच्या बायकांनी उजवीकडून सुरुवात केलीय, त्यांच्या दारात आता ती पडलेली आहे."

म्हणजे चित्र पुन्हा काढा, पुन्हा जयनगर, दोन बस, आणि दुकान पाडव्यानंतरच उघडणार. प्रमोदिनी खुर्चीत बसली. पाय ठणकत होते, तळणाचा वास डोक्यात गेला होता.

त्रिविक्रम चकली खात दारात उभा राहिला. "अगं, दिवाळी आली. पानाचं काय ठरलं?"

"ठरायला वेळ कुठाय? तिघींना उत्तर द्यायचंय. ठाण्याच्या बाईने बरोबर ओळखलंय, तिला आधी. मग म्हैसूरच्या सासूबाईंची क्षमा मागायची."

"आणि माझ्या आईचा फोन?"

"तासाभरानं करायला सांगा."

त्याने उसासा सोडला. ह्या खेपेला तो स्वयंपाकघरापर्यंतसुद्धा पोचला नाही. प्रमोदिनीने हात पुसले, ठाण्याच्या बाईचं पान आहे का ते शोधलं. होतं. छोटंसं, कोरं करकरीत, काउंटरवर मोजून नऊ. गेस्टबुकात कुणीच नाही. तिने ते सगळं खालपर्यंत बघितलं, आणि मग एका बोटाने, जांभई दाबत, लिहायला घेतलं: 'तुमच्या तुळशीच्या रांगोळीत खालची पणती थोडी तिरकी आहे. मला ती तशीच आवडली.'