तक्रारपेटीची किल्ली

वसतिगृहात प्रवेश घेतला त्या दिवशी गृहपाल मॅडमनी माझा फॉर्म स्वतःच्या हातानं भरला. बाबा वरवट बकालहून मला सोडायला आले होते आणि कागद पाहूनच घामाघूम झाले होते. मॅडम त्यांना म्हणाल्या, "काळजी करू नका, ही आता माझी पोरगी." मग मला भिंतीवरची तक्रारपेटी दाखवली. "काहीही झालं तर मला लिहायचं." माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला. अठरा वर्षांची होते, अक्कल तेवढीच होती.

माझ्या शेजारच्या पलंगावरची मैत्रीण दुसरबीडची होती. एका संध्याकाळी तिनं मेसमध्ये तिसरी पोळी मागितली. वाढणारी बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "घरी चूल पेटते का वं तुमच्या? इथं फुकटचं म्हणून हाणून राह्यली." आणि सगळ्यांचं जेवण होईपर्यंत तिला ताट धरून टेबलापाशी उभं केलं. पुढच्या आठवड्यात आणखी दोघींना. मैत्रीण जेवायलाच येईना. मुरमुऱ्यांवर दिवस काढू लागली.

मला वाटलं, मॅडमना हे ठाऊकच नसणार. मी त्यांच्या नावानं चिठ्ठी लिहिली, मैत्रिणीचं नाव घालून, स्वतःची सही न करता, आणि पेटीत टाकली. पेटीची किल्ली कोणाच्या कमरेला आहे हे मी रोज बघत होते, तरी.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत मॅडमनी ती चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली. मग हालचाल रजिस्टर उघडलं. बाहेर जाताना त्यात प्रत्येकीला स्वतःच्या हातानं कारण लिहावं लागतं. एक पान, दुसरं पान, आणि बोट माझ्या अक्षरावर थांबलं. त्या संध्याकाळी ताट धरून मी उभी होते. समोर मॅडम जेवत होत्या. "पुढच्या वर्षी प्रवेशाचा अर्ज माझ्याच टेबलावरून जातो," एवढंच त्या म्हणाल्या. प्रवेश गेला असता तर माझं कॉलेज गेलं असतं. बाबांना भाड्याची खोली झेपणार नव्हती, हे मॅडमना माझ्या फॉर्मवरून माहीत होतं.

खोलीत गेले तर मैत्रीणही फिरली. "माझं नाव काऊन टाकलं? मले विचारलं होतं का तू?" विचारलं नव्हतं.

शेवटच्या वर्षाची एक ताई आमच्या मजल्यावर होती. ती माझ्यावर जाम चिडली. "पेटीत काय टाकतं पोरी? ज्याच्यावर तक्रार, त्याच्या वरच्याले द्यायची. आणि हातात द्यायची, शिक्का घेऊन."

तिनं आम्हाला वही ठेवायला लावली. तारीख, वेळ, बाई नेमकं काय म्हणाली ते शब्द, तिथं कोण होतं. रागाचा एक शब्दही नको. मी एकदा 'राक्षसीण' लिहिलं, तर तिनं पानच पुन्हा लिहायला लावलं. प्रत्येक पानाचा फोटो माझ्या भावाच्या मोबाइलवर जायचा, म्हणजे वही जप्त झाली तरी बेहत्तर. ताट धरून उभ्या मुलीचा फोटो मात्र काढायचा नाही, ग्रुपवर काही टाकायचं नाही. जिचं नाव येणार तिला आधी विचारायचं. मैत्रिणीला मी विचारलं. तिनं तीन दिवस लावले, मग म्हणाली, "टाक."

अर्ज ताईनं कॉलेजजवळच्या दुकानातून टाइप करून आणला. बावीस जणींनी सह्या केल्या, गोलात, म्हणजे पहिली कोण हे कळू नये. खाली लिहिलं, नावं गृहपालांना कळवू नयेत, चौकशी त्यांच्यासमोर होऊ नये. ताई घरी जायची रजा टाकून निघाली, रजिस्टरात खोटं काही लिहिलं नाही, आणि वाटेत बुलढाण्याला उतरून वसतिगृह ज्या खात्याचं, त्या समाज कल्याणच्या कार्यालयात अर्ज दिला. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच ती पुढच्या गाडीत बसली.

बरेच दिवस काहीच हललं नाही. ताईनं शिक्क्याची प्रत जोडून स्मरणपत्र दिलं. मग एक अधिकारी बाई आल्या. मॅडमना त्यांनी ऑफिसात बसवलं आणि आम्हाला अभ्यासिकेत एकेकीला बोलावलं. मी वही पुढे ठेवली. अक्षर स्वच्छ होतं. सगळ्यात जास्त वेळ मैत्रीण आत होती.

वाढणाऱ्या बाईला काढलं. काही आठवड्यांनी मॅडमची बदली झाली. माझा प्रवेश टिकला. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. ज्या हातानं माझा फॉर्म भरला, त्याच हातानं माझं अक्षर शोधलं, हे मी आजही गिळू शकलेले नाही.

जायच्या दिवशी मॅडम सामान बांधत होत्या. मला दारात पाहून म्हणाल्या, "तुला पोरीसारखं वागवलं मी. वर जायच्या आधी एकदा मला सांगायचं तरी."

"मॅडम," मी म्हणाले, "पहिल्यांदा तुम्हालेच तर सांगितलं होतं."

त्यांनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि बॅगेची चेन ओढली.