मारव्याचं टिपण

आमच्या संगीतवर्गातल्या ड्रेसरनं मला फसवलं. मी आष्टीच्या बाजारात बैलांचे सौदे करून वर आलेला माणूस. भल्याभल्यांना जमलं नाही ते जनावरांच्या दवाखान्यात पट्ट्या बांधणाऱ्या या गड्यानं एका पानात केलं. माणूस मात्र लाखात एक. शेळीला सुई टोचतानासुद्धा त्याच्या खिशातल्या फोनवर तानपुरा आणि तबल्याचा ठेका चालूच असतो. म्हैस रेकली की आधी तिचा सूर ओळखणार, मग आजार. एकदा माझ्या बैलाचा खूर हातात धरून म्हणाला, "थांब बे, सम येऊ दे," आणि बरोबर समेवर काटा उपसला. बैल हलला नाही. माझ्यासमोर तो कधी असा शांत उभा राहिला नव्हता. तेव्हापासूनच माझ्या पोटात दुखतंय.

वर्गाच्या मॅडमनी मारवा रागातला एक ख्याल ऐकवला आणि एक पानाचं टिपण मागितलं: कधीच न ऐकलेल्या श्रोत्याला कळावं की कशामागून काय येतं आणि त्यानं मनाचं काय होतं. सगळ्यांत चांगलं टिपण कार्यक्रमाच्या पत्रिकेत नावासकट छापणार होते. चौथीत शाळा सुटलेल्या मला ते नाव छापून हवंच होतं. मी लिहिलं: पंचम वर्ज्य, म्हणून तानपुरा निषादावर लावलेला, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, वेळ सूर्यास्ताची, आधी विलंबित एकतालात स्थायी, मग अंतरा, आलाप, ताना, शेवटी द्रुत तीनताल. एक मात्रा चुकली नव्हती.

चहाच्या टपरीवर ड्रेसरनं ते वाचलं. "समदं बरोबर हाय. पण ऐकून तुला काय झालं?"

आम्ही रुमालाखाली बोटं धरून सौदा करणारी माणसं. आतलं उघड्यावर मांडायची सवय नाही. तरी बोलून गेलो, "बैल विकून रिकामा कासरा घेऊन माणूस दिवस मावळताना दारापर्यंत येतो, आन् आत जात न्हाई. तसा ह्यो सूर 'सा'जवळ येतो आन् माघारी वळतो."

पत्रिका छापून आली. 'गायक मंद्र निषादावरून षड्ज ओलांडून थेट कोमल रिषभावर थांबतो,' आणि पुढे माझा कासरा, माझं दार, खाली त्याचं नाव! माझ्या कागदावर मॅडमचा शेरा होता: 'रचना अचूक. भाव कुठे आहे?'

"चोरलंस बे!" मी सगळ्यांदेखत ओरडलो.

"तू बोललास, मी लिवलं. तुझ्या कागदावर कावून न्हाई लिवलंस?"

कार्यक्रमात गायिका बराच वेळ षड्ज टाळत राहिली. शेवटी ती त्यावर विसावली, तेव्हा पत्रिका हातात धरून बसलेल्या अख्ख्या सभागृहानं श्वास सोडला. माझ्या बोलण्यानं, त्याच्या नावावर. आणि खरं सांगतो, कासरा नेमक्या त्या सुरापाशी ठेवणं मला जमलं नसतं. म्हणून तर राग जात नाही. येत्या सोमवारी वर्गात त्यानं जबाब द्यावा: ते चांगलं आहे हे त्याला टपरीवरच कळलं होतं, तर माझा हात धरून तिथंच मला लिहायला का नाही लावलं?