खाकी कव्हरं

फुलंब्रीच्या शाळेत ग्रंथालय सांभाळणाऱ्या अनिसाबाईंनी वाचताना अडखळणाऱ्या नववीतल्या मेघाला चित्रांचं सोपं पुस्तक दिलं. वर्ग हसला. असलं हसू पोरींना वर्षभर पुरतं. मेघा आठवडाभर ग्रंथालयाकडं फिरकली नाही.

चूक आपली, हे बाईंना कळलं. त्यांनी सगळ्याच पुस्तकांना खाकी कव्हरं घातली आणि मेघाला झेपतील अशी पाच तिच्यापुढं मांडली. “तूच निवड. रोज दोनच पानं. नाय आवडलं तर बदल.”

मेघानं नेमकं तेच चित्रांचं पुस्तक उचललं.

दोनाची चार पानं झाली, दिवाळीनंतर दहा. फेब्रुवारीत तिनं दीडशे पानांची कादंबरी संपवली. बाईंनी पाठ थोपटली.

मेघा म्हणाली, “बाई, खाकी कागद द्या. माझ्या पहिल्या पुस्तकाचं कव्हर फाटलंय. आठवीतली एक पोरगी ते न्यायला लाजतीय.”