कानातला खोकला

आमची आत्या अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. आवाज खणखणीत, पण कानात इयरफोन घातला की पानभर वाचायच्या आतच घशात खवखव आणि मग ठसका. दोष बिचाऱ्या घशाला! काढे झाले, गुळण्या झाल्या. घरातल्या प्रत्येकाने फुकटचे सल्ले दिले.

शेवटी कानाला दडे बसले म्हणून ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तपासायची नळी कानात घातली मात्र, आत्याला जोरात ठसका लागला. बाई हसल्या.

"खोकल्याचं मूळ घशात नाही, कानात आहे. इयरफोनने मळ आत ढकलला गेलाय. कानाच्या नळीला जी नस येते, तिचीच दुसरी फांदी घशाला जाते. मळ त्या नसेला टेकला की मेंदूला वाटतं, घशातच काहीतरी अडकलंय."

त्यांनी मळ मऊ करून काढला. टेकायला काही उरलं नाही, तशी खवखवही थांबली.

"देव भलं करो त्या बाईंचं!" म्हणत आत्याने दुसऱ्या दिवशी अख्खं प्रकरण न ठसकता वाचलं. मान वर केली, तर स्टुडिओच्या काचेपलीकडे, इतके महिने तिचा एकेक खोकला कापून काढणारा रेकॉर्डिंगवाला हात जोडून उभा होता.