काटाताईंच्या फोटोखालचा मजकूर

"बाबा, 'आधारस्तंभ' काढा. सगळे मालक हेच लिहितात."

"मग खरंच असेल ना!"

"तुम्हाला काटाताईंचे आभार मानायचेत की इमारतीचे?"

मालकांनी चष्मा टेबलावर आपटला. "तूच लिही मग. मी स्प्रिंगा करतो, कविता नाही."

"मी काय लिहिणार? अठ्ठावीस वर्षं तुम्ही बघितलंय त्यांना."

स्प्रिंगांचा कारखाना छोटासा, माणसं बावीस. दाबाचा काटा वाचून माल पास करणाऱ्या म्हणून त्या काटाताई. आज पाच वाजता त्या कायमच्या घरी जाणार होत्या, आणि त्याआधी कारखान्याच्या इंटरनेटवरच्या पानावर त्यांचा फोटो टाकायचा, हा मालकांचा हट्ट होता. सकाळपासून त्यांनी चार मजकूर खोडले होते. एवढं कारखान्यासाठी झिजलेल्या बाईला कोरडे आभार देऊन पाठवायचं, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"हे बघा," लेक खुर्ची ओढून जवळ आली. "आधी फक्त पहिल्या दोन ओळी दिसतात, बाकीच्या 'आणखी वाचा'च्या आड जातात. म्हणून सुरुवातीलाच त्या कोण आणि किती वर्षं, ते सांगायचं. मग त्यांचं काम. मग एकच गोष्ट, अशी की दुसऱ्या कुणाच्या फोटोखाली चालणारच नाही. शेवटी आभार, साधे. आणि टाकायच्या आधी त्यांना दाखवायचं."

"दाखवलं तर मजा काय राहिली?"

"फोटो त्यांचा आहे बाबा, मजा आपली."

मालक कुरकुरले, पण 'एकच गोष्ट' ऐकून त्यांचा चेहरा उजळला. ती त्यांच्याकडे होती. नवा माणूस कामाला लागला की त्याला उभं करून ते तीच सांगत. त्यांनी एका दमात लिहून काढलं:

'अठ्ठावीस वर्षं आमचा सगळा माल काटाताईंच्या नजरेखालून गेला. आज त्या निवृत्त होत आहेत. नवी स्प्रिंग पहिल्या दाबाला थोडी बसते, म्हणून तीनदा दाबायची आणि चौथ्यांदा काटा वाचायचा, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो. नऊ वर्षांपूर्वी यजमान दवाखान्यात अत्यवस्थ असताना त्या कामावर आल्या, चारशे स्प्रिंगा तपासल्या, आणि माल वेळेत गेला. ताई, मनापासून आभार.'

लेकीचे डोळे भरून आले. "हेच! हे दुसऱ्या कुणाचं होऊच शकत नाही."

काटाताईंना आत बोलावलं. त्या पिशवी खांद्याला लावूनच आल्या. चष्मा चढवून त्यांनी फोन हातात घेतला. माल तपासावा तशा एकेक ओळ वाचत गेल्या. तीनदा दाबायच्या ओळीवर हसल्या. मग थांबल्या.

"साहेब, मी आले नव्हते."

"असं काय करता ताई? मी स्वतः इथे होतो!"

"तुम्ही बोलावलंत. फोन आला तेव्हा मी ह्यांच्या उशाशी होते. मी म्हटलं, आज नको. तुम्ही म्हणालात, दोनच तास या, ट्रक दारात उभाय, दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही."

मालक हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं.

"हो, पण तुम्ही आलात ना. नाही म्हणाला नाहीत."

"दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले असते तर सोमवारी कामावर असते का, ते मला माहीत नव्हतं." त्यांचा आवाज चढला नाही. "दोन तासांचे साडेतीन झाले. मी पोचले तेव्हा चादर ओढलेली होती. नर्स म्हणाली, पाणी मागितलं, आणि दोनदा विचारलं, ती आली का?"

लेकीने बापाकडे पाहिलं. यजमान त्याच दिवशी गेले, हे मालकांना ठाऊक होतं. किती वाजता गेले, हे त्यांनी नऊ वर्षांत कधी विचारलं नव्हतं. त्या दिवसाची गोष्ट त्यांनी किती जणांना सांगितली, तीही ताईंच्या टेबलाशेजारी उभं राहून. त्या मान खाली घालून काटा वाचत राहत. मालकांना वाटे, बाई लाजतात.

"मी ती ओळ काढते," लेक घाईने म्हणाली.

"थांब!" मालक उठले. टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली होती. "ताई, मी... मला खरंच... मी बोलावलं, असं लिहू का? सरळ लिहितो. लोकांना कळू दे. की काढूनच टाकू? फोटोच नको का? तुम्ही सांगाल तसं करतो. तुम्ही म्हणाल ते एक अक्षर न बदलता लिहितो."

काटाताईंनी चष्मा काढून डबीत ठेवला. फोन लेकीच्या हातात दिला, तिच्या गालावरून एकदा हात फिरवला.

"ताई, काय लिहू मी?" मालकांनी पुन्हा विचारलं.

पिशवीचा बंद खांद्यावर सारखा करून त्या दाराबाहेर पडल्या, आणि मशिनींच्या रांगेमधून फाटकाकडे चालू लागल्या.