दगडाच्या कापसाची वाट

सदू शिगवण नेमकं काय काम करतो, हे गावात कुणालाच धड सांगता यायचं नाही. "कंपनीत हाय," एवढं बोलून लोक मोकळे. माणगावपासून पाच-सहा किलोमीटर आत त्याचं गाव. तिथून तो वीस वर्षं रोहा, महाड, पाताळगंगा असा कंत्राटदाराच्या गाडीतून फिरला. काम लॅगिंगचं. वाफेचा पाइप असला की त्याला रॉकवूल गुंडाळायची, वर जाळी आवळायची, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा बसवायचा. आतली ऊब आत राहिली पाहिजे. मासळीची थंड खोली असली तर तीच गत उलटी. भिंतीला पफचे पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे पिवळा फोम, आणि सांधे असे भरायचे की बाहेरची दमट हवा आत शिरता कामा नये. शिरली की आत पाणी धरतं आणि सगळा खर्च मातीत.

रॉकवूलला पोरं 'सदूकाकाचा दगडाचा कापूस' म्हणायची. त्यात खोटं काही नव्हतं. आपल्या डोंगरात असतो तसलाच काळा दगड भट्टीत वितळवतात आणि त्याचे तंतू काढतात. दगडच तो, जळणार कसा? पण अंगाला लागला की खाज अशी सुटते की माणूस कातडं सोलून ठेवील. सदू घरी आला की त्याची बायको मनुबाई त्याला परसात उभा करायची, गार पाण्याच्या चार बादल्या ओतायची आणि हाताला खोबरेल चोळायची. त्याचे कपडे निराळे धुवायची. "बायको केली का धोबीण आणली?" असं रोज म्हणायची, आणि रोज चोळायची. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि त्या माणसाला तेलाची बाटली कुठल्या फळीवर असते हेदेखील ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मनुबाईला पक्षाघाताचा झटका आला. डावं अंग गेलं. बोलणं जरा अडखळायचं, पण डोकं आणि जीभ दोन्ही तिखट राहिली, हे नशीब. मुलगा सुजित कामोठ्याला टेम्पो चालवतो. तो न्यायला तयार होता, पण ही बाई हलेना. "चौथ्या माळ्यावर टांगून ठेवनार मला?" मग सदूनं महिन्यातले पंधरा दिवसच काम धरलं. कामावर जाईल त्या दिवशी शेजारची केसर दुपारी येऊन तिला जेवू घालायची.

घर म्हणाल तर विटांचं, वर लोखंडी पत्रा. एकच लांब खोली. मधे भिंत, पण ती छातीइतकीच. पलीकडे चूल, अलीकडे मनुबाईची खाट. गॅस होता, तरी भाकरी चुलीवरचीच लागायची दोघांना. पावसाळ्यात ठीक. पण एप्रिल लागला की दुपारी तो पत्रा असा तापायचा की हात टेकला तर फोड येईल. पंखा वरची गरम हवा तेवढी खाली ढकलायचा. आपल्याकडची हवा कोरडी असती तर ओल्या चादरीनं तरी भागलं असतं. इथं चादरीचं पाणी सुकत नाही, नुसतं घुसमटतं. धडधाकट माणूस आंब्याखाली जाऊन बसतो. मनुबाईला कूस बदलायची तरी कुणीतरी लागायचं.

मार्चअखेर श्रीवर्धनला मासळीची एक जुनी थंड खोली पाडायचं काम सदूला मिळालं. जुन्या पद्धतीची खोली, भिंतीत डांबरावर चिकटवलेला थर्माकोल. त्यातले दोन इंची तक्ते चांगले कोरडे निघाले. मालक म्हणाला, "घेऊन जा, मला कचराच आहे." कामातला उरलेला तुकडा कामगाराचा, ही या धंद्यातली जुनी रीत. सदूनं सुजितला टेम्पो घेऊन बोलावलं आणि सगळा थर्माकोल पडवीत रचला.

"आता लाव वर," मनुबाई म्हणाली.

"वर न्हाय. भिंतीला लावतो."

आणि त्यानं लावला. पश्चिमेच्या भिंतीला, बाहेरच्या अंगानं. तक्ते चिकटवले, खुंट्या मारल्या, वर जाळी ताणून सिमेंटचा गिलावा केला. काम असं झालं की इंजिनियरनं येऊन बघावं. संध्याकाळी भिंत आतून तापेनाशी झाली. पण दुपारचा मारा भिंतीतून येत नव्हता, तो वरून येत होता.

"अवो, भिंत गार झाली. डोस्कं भाजतंय त्याचं काय?"

"थर्माकोल चुलीच्या वर जात न्हाय मने. मी बघितलंय."

बघितलं होतं त्यानं, ते खरं. सहा वर्षांपूर्वी एका शेडमधे वेल्डिंगची ठिणगी थर्माकोलच्या छतात गेली. थर्माकोल आधी वितळतो, मग पेट घेतो, आणि पेटता थेंब थेंब खाली गळतो. खाली भिकू होता, सदूचा जोडीदार. त्याच्या पाठीवर ते थेंब पडले आणि चिकटून बसले. भिकू जगला, पण आजही शर्ट घालताना कण्हतो. तेव्हापासून सदूचं डोकं एका जागी घट्ट बसलं होतं. थर्माकोलला वायर टेकली तर वायरीचं वेष्टण कडक होऊन तडकतं. पफ तर पेटला की नुसत्या धुरानं माणूस मारतो. छताखाली जिथं आग, तिथं रॉकवूल आणि रॉकवूलच. खाली सिमेंटची शीट मारून थर्माकोल झाकता येतो, हेही त्याला माहीत होतं. पण चुलीच्या डोक्यावर झाकलेलाही नको, म्हणाला. आणि बायको अशी की आग लागली तर जागची उठणार नाही. खोटं होतं का काही त्याचं? एक अक्षर खोटं नव्हतं. तिथंच तर घात झाला.

रॉकवूल विकत घ्यायची म्हटलं असतं तर मिळाली असती. पण सुपरवायझर प्रीतमनं शब्द दिला होता. रोह्याजवळ धाटावला एका कारखान्याचं शटडाऊन आहे, म्हणजे दुरुस्तीसाठी काही दिवस कारखाना बंद, नव्या शेडला फॉइलवाली रॉकवूल येणार, उरलेले दोन रोल तुझे. शटडाऊन वीस एप्रिलला. मग म्हणाले, एक मेला. मग दहाला. विकत घेऊ का, असं सदूच्या मनात दोनदा आलं आणि दोनदा त्यानं स्वतःला समजावलं, आठवड्याचा तर प्रश्न. उरलेलं हक्काचं मिळत असताना लॅगिंगवाला रॉकवूल विकत कशाला घेईल? आमच्या धंद्यात हसतील लोक!

"तुमचा कापूस शेतात पिकतोय काय अजून?" मनुबाई विचारायची. पहिल्यांदा हसून विचारायची. मे उजाडल्यावर हसणं थांबलं. नुसती वर पत्र्याकडे बघत राहायची.

बारा मेला शटडाऊन लागलं. सदू पहाटेच गेला. जाताना म्हणाला, "संध्याकाळी रोल घिऊनच येतो." ती म्हणाली, "या."

त्या दिवशी अकराला वीज गेली. केसर एक वाजता भात घेऊन आली तेव्हा मनुबाईनं दोन घास खाल्ले आणि नको म्हणाली. केसरला वाटलं, निजेल. तीनला पुन्हा डोकावली तेव्हा अंग विस्तवासारखं, कातडी कोरडी, हाकेला ओ नाही. रिक्षातून माणगावला नेलं. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. सदू धाटावहून पोहोचला तेव्हा तिच्या तोंडावर चादर ओढली होती. त्याच्या हाताला रॉकवूलचे तंतू तसेच होते. तिथं, त्या दवाखान्याच्या बाकड्यावर, तो हात खाजवत बसला आणि रडत राहिला.

रोल टेम्पोतून आले, तेराव्याच्या आदल्या दिवशी. सुजित म्हणाला, "बाबा, राहू दे आता." सदूनं ऐकलं नाही. तेरावं उरकलं आणि तो शिडीवर चढला. पत्र्याची भोकं बुजवली, कारण रॉकवूल भिजली की कामातून गेली. वाशांखाली जाळी ताणली, वर रॉकवूल पसरली, फॉइलची चंदेरी बाजू खाली. दोन दिवस एकटाच करत होता. घर गार झालं. भर दुपारी गार झालं. गावातली माणसं आत येऊन वर बघायची आणि मान हलवून जायची.

केसर चहा घेऊन आली. रिकाम्या खाटेपाशी बसली, वर बघितलं, पडवीत उरलेल्या थर्माकोलकडे बघितलं.

"भावजी, एक इचारू? हे चुलीपायी न्हाय लावलं ना तुमी?"

"व्हय."

"मंग चूलच परसात मांडली असती तर?"

बिचारीनं टोचायला विचारलं नव्हतं. तिला खरंच कळलं नव्हतं. चार विटा तर होत्या त्या! अर्ध्या तासाचं काम. खाली शीट मारली असती, वायर नळीतून घेतली असती, की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच थर्माकोलखाली मनुबाई निवांत पडली असती. वीस वर्षं सदूनं आग जिथं आहे तिथं धरून चालायचं आणि तिच्याभोवती माल निवडायचा, एवढंच केलं. कारखान्यातली भट्टी काय तो हलवणार होता? पण ही भट्टी नव्हती, त्याच्या बायकोची चूल होती. ज्याला काही कळत नाही असा कुणी असता तर त्यानं नुसता थर्माकोल खोचला असता वर, आणि त्याची बायको जगली असती.

"न्हाय सुचलं गं," सदू म्हणाला. चहा तसाच राहिला.

जूनच्या आठ तारखेपर्यंत पाऊस नव्हता. गावाच्या वरच्या अंगाला कृष्णाबाई राहते, ऐंशीच्या घरात, एकटी, डोक्यावर असाच पत्रा. सदू एका सकाळी तिच्या दारात थर्माकोल घेऊन उभा राहिला. तिला वाटलं, हा काही विकायला आला. त्यानं आधी तिची चूल उचलून परसात मांडली, वर पावसासाठी जुना पत्रा घातला. म्हातारीनं तोंडाचा पट्टा सोडला, माझी चूल का उपटतोस म्हणून. तो ऐकून घेत होता. मग वायर नळीत घातली, थर्माकोल बसवला, खालून सिमेंटची शीट आवळली. शीटचे पैसे त्यानं स्वतःच दुकानात देऊन टाकले होते.

"तुझा तो कापूस का न्हाय लावत?" म्हातारीनं विचारलं. "तो चांगला म्हनत होतास."

"चांगलाच हाय. पन तो येईल तवा येईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला शेवटचा स्क्रू बसला. कृष्णाबाई भिंतीला टेकून बसली होती. थोड्या वेळानं तिनं पदरानं मान पुसली आणि पदर खाली ठेवला.

"सदू, गार वाटतंय रे."

सदू शिडीवरच होता. स्क्रूड्रायव्हर शीटला तसाच टेकवून त्यानं कपाळ हातावर ठेवलं आणि हमसून हमसून रडला. म्हातारी म्हणत होती, खाली उतर, पडशील. त्याला उतरवेना.