वाकडी धरलेली काच

माझ्याविरुद्ध आजवर एकच लेखी तक्रार झाली आहे, आणि ती इतक्या सुरेख अक्षरात होती की मी आधी अक्षरालाच दाद दिली. मजकूर डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. 'मधल्या टेकडीवरील इसमाने काच वाकडी धरल्यामुळे अंतर चुकले आहे.' मधल्या टेकडीवरचा इसम म्हणजे मी. खालची सही माझ्या दोस्ताची. एका ताटात जेवणारा, एकाच साबणाच्या वडीने आंघोळ करणारा दोस्त.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दहा-पंधरा वर्षं झाली असतील. जिकडेतिकडे धरणांच्या पाहण्या चालू होत्या. आमचा तळ देऊळघाट आणि धाडच्या मधल्या माळावर होता. मी धाडचा, तो वडनेर भोलजीचा. मी दोन वर्षं हंगामी होतो. मला कायम करायचा कागद उपअभियंता साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता आणि घरी आईने त्या कागदाच्या भरवशावर तीन ठिकाणी मुली बघून ठेवल्या होत्या. साहेबांनी एक वाईट शेरा मारला असता तर मी पुन्हा वावरात गेलो असतो, आणि त्या तिन्ही मुली सुखी झाल्या असत्या.

त्याआधी अंतर मोजायचं म्हणजे साखळी ओढत बाभळीतून, नाल्यातून, कधी म्हशींमधून जायचं. मग वरून एक विलायती यंत्र आलं. तिपाईवर ठेवायची राखाडी पेटी. ती डोळ्यांना न दिसणारा उजेड दूरवर फेकायची. पलीकडच्या टेकडीवर काठीवर काच बसवलेली असायची, ती उजेड परत धाडायची, आणि जाऊन यायला लागलेल्या वेळावरून पेटी अंतर सांगायची. पेटी चालवायचं शिक्षण दोस्ताने घेतलं होतं. काच घेऊन टेकडी चढायचं शिक्षण कुणी द्यावं लागत नाही, ते काम माझं.

पहिल्याच दिवशी मी घाबरलो होतो. अर्ध्या मैलावरून आलेला उजेड बरोबर त्या पेटीतच परत जायचा, तर काच किती नेम धरून लावावी लागेल? घरचा आरसा तसूभर कलला तर कवडसा शेजारच्या गल्लीत जातो.

"हे आरसा नोहे बे," दोस्त म्हणाला. "हा कोपरा हाय. थांब."

त्याने रबरी चेंडू घेतला आणि पत्र्याच्या खोलीच्या कोपऱ्यात जोरात हाणला. चेंडू जमिनीवर आपटला, एका भिंतीला लागला, दुसऱ्या भिंतीला लागला आणि वापस येऊन त्याचाच चहा सांडवून गेला.

"पाह्यलं? चेंडू खाली चालला होता, जमिनीनं त्याले वर केलं. डावीकडे चालला होता, ह्या भिंतीनं उजवीकडे केलं. पुढं चालला होता, त्या भिंतीनं मागं केलं. तिन्ही चाली उलट्या झाल्या. मंग राह्यलं काय?"

"तुह्या चहा राह्यला नाही," मी म्हणालो.

"वापस येणं राह्यलं. जिकडून आला तिकडे, नीट समांतर. त्याच वाटेनं नाही हां, जराशी बाजूची वाट धरते, पण दिशा तीच. चेंडूले वजन हाय म्हणून तो थोडा इकडेतिकडे होते. उजेड होत नाही."

आमची काच म्हणजे तोच कोपरा होता, काचेच्या भरीव ठोकळ्याचा छाटलेला. सपाट तोंडातून उजेड आत शिरायचा, आतल्या तीन पैलूंवर आपटायचा आणि त्याच तोंडातून बाहेर पडायचा. तिन्ही पैलू एकमेकांशी नेमक्या काटकोनात हवेत, एवढीच अट. एक पैलू जरा कलता घडला तर सगळा खेळ खलास. पण तिन्ही काटकोन नीट असले, तर अख्खी काच तुम्ही थोडीबहुत कशीही फिरवा, उजेड आला तिकडेच जाणार.

"एक डोळा मिट अन् पाह्य आत," तो म्हणाला.

मी पाहिलं. मधोमध माझाच उघडा डोळा. काच डावीकडे वळवली, डोळा मधोमध. खाली झुकवली, तरी मधोमध. त्या दिवशी मी तो डोळा तळावरच्या स्वयंपाक्याला, वॉचमनला आणि भाजीवालीला दाखवला. भाजीवालीने काच परत द्यायला बराच वेळ लावला. दोस्ताने पुढे सांगितलं की सायकलच्या मागे लाल गोळा असतो, त्यातही असे बारीक बारीक शेकडो कोपरे असतात. म्हणून पाठीमागून येणाऱ्या ट्रकच्या दिव्याला तो ट्रकवाल्याकडेच परत चमकतो. आणि चंद्रावर गेलेले लोक अशाच काचा तिथे मांडून आलेत, इथून उजेड मारून चंद्र किती लांब ते मोजतात. मी त्याला म्हटलं, चंद्रावर काच धरायला हंगामी माणूस नेला का. तो हसून हसून खाटेवर पडला. असा दोस्त.

मग धरणाची रेघ मोजायचा आठवडा आला. या टेकडीवरून त्या टेकडीपर्यंत सरळ रेघ, मध्ये एक उंचवटा, तीच ती मधली टेकडी. रेघ एकदा सलग मोजायची आणि एकदा उंचवट्यापाशी तोडून दोन तुकड्यांत. दोन्हींचा मेळ बसला पाहिजे. त्याच आठवड्यात आमच्या जुन्या काचेची कड फुटली आणि दुसऱ्या कंपनीची नवी काच आली. पेटीच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली होती, तिच्यावर एक आकडा.

त्या आकड्याचं असं असतं. काचेत उजेड हवेपेक्षा सावकाश चालतो, म्हणून यंत्राला काच आहे त्याहून जरा लांब वाटते. शिवाय कोपऱ्याचं टोक नेमकं काठीवर असेलच असं नाही. या दोन्हींचा विचार करून प्रत्येक काचेचा एक आकडा ठरलेला असतो, आणि तेवढी दुरुस्ती दर मोजणीला करावी लागते. काच बदलली की आकडा बदलला.

"झाकणात चिठ्ठी हाय बे," मी त्याला म्हणालो होतो.

"पाह्यतो मी. तू चढ."

मी चढलो. मोजणी झाली. संध्याकाळी बेरीज केली तर दोन तुकडे मिळून सलग रेघेपेक्षा चार सेंटिमीटर जास्त भरले. साहेब पुण्याकडचे, माणूस मवाळ, पण धरणाच्या रेघेच्या बाबतीत सोवळा. त्यांनी यंत्रावरच्या माणसाकडून लेखी खुलासा मागवला. तो खुलासा म्हणजे ते सुरेख अक्षर.

"काय म्हणणं आहे तुमचं?" साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. त्याखालीच माझा कायम करायचा कागद होता, मला त्याची कड दिसत होती.

मी दोस्ताकडे पाहिलं. तो तंबूच्या खांबाकडे पाहत होता. ज्याने मला चेंडू मारून दाखवलं, एक डोळा मिटायला लावला, त्याने लिहिलं होतं की काच वाकडी धरल्याने अंतर चुकलं. न कळून लिहिलं असतं तर मी हसलो असतो. पण आमच्या सगळ्या तळावर हे खोटं आहे हे ज्याला सर्वांत चांगलं माहीत होतं, त्यानेच ते लिहिलं होतं.

मला नाटकाची हौस आहे. मी साहेबांना म्हणालो, "साहेब, उद्या मी काच मुद्दाम वाकडी धरतो. तुम्ही स्वतः यंत्रापाशी उभे राहा."

साहेबांनी चष्मा काढला. "बरं. आणि?"

"आणि रेघ दोन ऐवजी चार तुकड्यांत मोजा. चूक माह्या हाताची असली तर प्रत्येक वेळी वेगळी येईल. आकड्याची असली तर प्रत्येक तुकड्यात सारखीच शिरेल. चार तुकड्यांत चारदा शिरेल, सलग रेघेत एकदाच. दोन तुकड्यांत एकदाच जास्त शिरली तर चार सेंटिमीटर आले; आता तीनदा जास्त शिरेल, म्हणजे बारा सेंटिमीटर."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"काचेचं यानं शिकवलं, साहेब. बेरीज-वजाबाकी शाळेत झाली होती."

दुसऱ्या दिवशी उन्हात मी त्या रेघेवर जे सादर केलं ते एखाद्या फडातसुद्धा चाललं असतं. झेंडी हलली की मी काच सरळ धरायचो. पुन्हा हलली की डावीकडे कलवायचो, मग उजवीकडे, मग खाली, नवरीने मान घालावी तशी. खाली साहेब आकडे स्वतः लिहून घेत होते. कललेल्या काचेने आकड्यात केसाएवढा फरक पडला, म्हणजे तो शोधायलाही साहेबांना चष्मा लावावा लागला. आणि चार तुकड्यांची बेरीज बारा सेंटिमीटरने जास्त भरली. साहेबांनी वही मागवली. दुरुस्तीच्या रकान्यात जुन्याच काचेचा आकडा होता. मग त्यांनी नव्या काचेच्या पेटीचं झाकण उघडून चिठ्ठी वाचली आणि दोस्ताकडे न पाहता ते बंद केलं.

उतरताना तो माझ्या मागून आला.

"चिठ्ठी तू कवा पाह्यली?" मी विचारलं.

"बेरीज चुकली त्याच सांजेला."

"मंग?"

"मले यंत्रासंगं पुण्याले पाठवून राह्यले होते बे, मोठ्या ट्रेनिंगले. वहीत चूक दिसली असती तर नाव कटलं असतं. तुह्या कागद तर निघतच होता. मले वाटलं, काच वाकडी धरणं म्हणजे काय, लहानशी गोष्ट. साहेब दोन शब्द बोलतीन अन् सोडून देतीन."

"मले सांगायचं होतं ना. मी स्वतःच म्हटलं असतं, साहेब, काच वाकडी धरली."

आणि खरं सांगतो, मी म्हटलं असतं. तेव्हा मी तसाच होतो. त्याने मागितलं असतं तर मी साहेबांपुढे हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून, दोन चुका जास्तीच्या कबूल केल्या असत्या. त्याने मागितलं नाही, परस्पर घेतलं. तेवढंच मला आजवर गिळता आलेलं नाही.

साहेबांनी त्या सुरेख कागदावर लाल शाईने लिहिलं, 'काच धरणाऱ्याचा दोष नाही', आणि माझ्या कागदावर सही केली. त्याचं ट्रेनिंग गेलं. पण यंत्र चालवणारा दुसरा कुणी तळावर नव्हता, म्हणून तो पेटीमागेच राहिला आणि मी काचेमागे. पुढचे तीन महिने दरीच्या या टोकाला तो आणि त्या टोकाला मी. मोजणी एकदाही चुकली नाही.

दुपारी तो खालून झेंडी हलवायचा, जेवायला ये म्हणून. मी ती 'काच नीट कर' अशी खूण धरायचो, काच उगीच इंचभर वळवायचो, आणि तिथेच झाडाखाली बसून माझी भाकरी सोडायचो.